एका भाद्रपदातल्या लांब-आखूड तिथी

२०२४ च्या पितृपंधरवड्याआधी मावशीचा फोन आला. तिच्या सासऱ्यांची तिथी प्रतिपदा. कॅलेंडर समोर धरून ती एकेक चौकट वाचून दाखवत होती. "१७ तारखेला चतुर्दशी, १८ ला पौर्णिमा आणि १९ ला एकदम द्वितीया. मधली प्रतिपदा गेली कुठे? आणि मी श्राद्ध करायचं कधी?" मग तिला आणखी एक आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी पोळ्याची अमावस्या मात्र २ आणि ३ सप्टेंबर अशी दोन्ही दिवस छापली होती. एक तिथी दोनदा येते आणि एक मुळीच येत नाही, हे काय गौडबंगाल आहे, असा तिचा सरळ प्रश्न होता.

फोनवर मी तिला अर्धवटच उत्तर दिलं. नंतर कागद-पेन्सिल घेऊन त्या महिन्याच्या सगळ्या तिथींच्या समाप्तीच्या वेळा एकाखाली एक लिहून काढल्या आणि शेजारच्या दोन वेळांची वजाबाकी करत गेलो. तिथी म्हणजे काय हे त्या वजाबाक्यांतून जितकं लख्ख दिसलं, तितकं पुस्तकातल्या व्याख्येतून मला कधी दिसलं नव्हतं.

आधी व्याख्या. पृथ्वीवरून पाहिलं तर सूर्य आणि चंद्र दोघंही ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर पूर्वेकडे सरकत असतात. सूर्य दिवसाला जेमतेम एक अंश सरकतो, चंद्र सरासरी तेरा अंशांहून थोडा जास्त. अमावस्येच्या अखेरीस दोघं आकाशातल्या एकाच रेखांशावर येतात आणि तिथून चंद्र पुढे निघतो. तो सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की प्रतिपदा संपली, २४ अंशांवर द्वितीया संपली. असं करत १८० अंशांवर पौर्णिमा संपते आणि ३६० वर पुन्हा अमावस्या. १२ अंशांची कल्पना यावी म्हणून घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणा. त्यावरच्या दोन मिनिटांच्या खुणांमधलं अंतर म्हणजे १२ अंश. किंवा हात लांब करून मूठ वळा. ती आकाशात साधारण दहा अंश व्यापते, म्हणजे एक तिथी एका मुठीपेक्षा थोडी मोठी.

म्हणून तिथी ही मुळात वेळ नव्हेच, ते एक अंतर आहे. चंद्राला ते तोडायला जितका वेळ लागेल, तितकी ती तिथी लांब. मैलाचे दगड सारख्या अंतरावर असतात, पण दोन दगडांमध्ये किती मिनिटं जातील हे चालणाऱ्याच्या पावलावर ठरतं, तसंच हे आहे.

चंद्राच्या कलेशी तिथीचं नातं याच अंतरातून येतं. चंद्र सूर्यापासून जितका दूर, तितका त्याचा उजळलेला भाग आपल्याला जास्त दिसतो. पण इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. पंधरा तिथी आणि पूर्ण चंद्र, म्हणजे दर तिथीला चंद्राचा पंधरावा हिस्सा उजळतो, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. प्रतिपदा संपते तेव्हा बिंबाचा फक्त एक टक्का भाग उजळलेला असतो, म्हणून त्या संध्याकाळी चंद्र सहसा दिसत नाही आणि पंचांगात चंद्रदर्शन बहुधा द्वितीयेच्या आसपास येतं. चतुर्थीच्या अखेरीपर्यंतही जेमतेम साडेसोळा टक्केच प्रकाश जमतो. मग अष्टमीला मात्र एकाच तिथीत ४५ टक्क्यांवरून ५५ वर उडी. पौर्णिमेकडे जाताना पुन्हा हात आखडता. उजेड-अंधाराची सीमारेषा गोल चेंडूवरून सरकते आणि चेंडूच्या कडेवरची तिची सरक आपल्याला तिरकी, म्हणून थोडी दिसते. मध्यावरची सरक समोरून, म्हणून पूर्ण दिसते.

अर्धा चंद्र कधी, याचंही उत्तर यातच आहे. अर्धा चंद्र ९० अंशांवर होतो आणि अष्टमी ८४ पासून ९६ अंशांपर्यंत असते, म्हणजे अर्धा चंद्र अष्टमीच्या बरोबर मध्यावर. पूर्ण चंद्र मात्र पौर्णिमेच्या मध्यावर नसून अगदी शेवटच्या क्षणाला असतो. २०२४ च्या भाद्रपदात तो क्षण १८ सप्टेंबरला सकाळी ८ वाजून ४ मिनिटांनी आला. तेव्हा मुंबईत चंद्र मावळून गेला होता. आदल्या रात्रीचा आणि त्या रात्रीचा, दोन्ही चंद्र डोळ्यांना पूर्णच वाटले असणार, कारण त्या टोकाला अर्ध्या टक्क्याचा फरक डोळ्याला कळत नाही.

आता वजाबाकीकडे. चंद्र दिवसाला सरासरी १३.१८ अंश जातो आणि सूर्य ०.९९. म्हणजे चंद्र सूर्याला रोज १२.१९ अंशांनी मागे टाकतो. १२ अंश तोडायला त्याला २३ तास ३७ मिनिटं पुरतात. ही सरासरी तिथी आपल्या दिवसापेक्षा २२-२३ मिनिटांनी लहान आहे. पंचांगाचा नियम असा, की सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची तिथी. मग समजा आज तिथी सूर्योदयानंतर लगेच लागली. रोज वीस-बावीस मिनिटं साचत गेली की कधीतरी अशी वेळ येणार, की एखादी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाच्या आधीच संपेल. तिला सूर्योदय मिळाला नाही, म्हणून कॅलेंडरच्या चौकटीत तिचं नाव नाही. हाच क्षय. सरासरीच्या हिशेबाने ६३-६४ दिवसांतून एकदा असं व्हायला हवं.

इथवर मावशीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं, पण दुसरं अर्धं आणखी अवघड होऊन बसतं. तिथी जर दिवसापेक्षा नेहमीच लहान असेल, तर तिला दोन सूर्योदय मिळतीलच कसे? तेवीस तास सदतीस मिनिटांच्या तिथीत चोवीस तासांच्या अंतरावरचे दोन सूर्योदय मावणं शक्यच नाही. तरीही दोनदा छापलेल्या तिथी दरवर्षी येतात. त्यांना वृद्धी तिथी म्हणतात. माझ्या मते पंचांगातली सगळ्यात बोलकी गोष्ट क्षय नसून ही वृद्धी आहे. चंद्राची चाल सारखी नाही, हे दुर्बिणीला डोळा न लावता, नुसत्या कॅलेंडरवरून सिद्ध करणारा तो पुरावा आहे.

माझ्या कागदावर हे असं उतरलं. पोळ्याची अमावस्या २ सप्टेंबरला पहाटे ५:२१ ला लागली आणि ३ तारखेला सकाळी ७:२४ ला संपली. छब्बीस तास तीन मिनिटं. मुंबईत तेव्हा सूर्योदय ६:२४ च्या सुमारास होता, म्हणजे दोन्ही दिवसांचे सूर्योदय तिने गाठले. नंतरच्या तिथी आणखी ताणत गेल्या. हरतालिकेची तृतीया ५ तारखेला दुपारी १२:२१ ते ६ तारखेला दुपारी ३:०१, म्हणजे २६ तास ४० मिनिटं. गणेश चतुर्थी तिथून ७ तारखेला संध्याकाळी ५:३७ पर्यंत, २६ तास ३६ मिनिटं. मग उतरण लागली. अष्टमी साडेचोवीस तासांवर आली, अनंत चतुर्दशी साडेवीसवर. पौर्णिमा १७ ला सकाळी ११:४४ ला लागून १८ ला ८:०४ ला संपली, फक्त २० तास २० मिनिटं. आणि मावशीची हरवलेली प्रतिपदा १८ च्या सकाळी ८:०४ पासून १९ च्या पहाटे ४:१९ पर्यंत, सव्वावीस तास. १८ चा सूर्योदय साडेसहाच्या आसपास होऊन गेला होता आणि १९ चा अजून दोन तास दूर होता. एकाच महिन्यात, तेरा दिवसांच्या अंतराने, एक तिथी दुसरीपेक्षा सहा तासांहून अधिक लांब.

हे का घडलं, ते त्याच महिन्यातल्या दोन तारखा सांगतात. ५ सप्टेंबरला चंद्र पृथ्वीपासून सर्वांत दूरच्या बिंदूवर होता, सुमारे ४ लाख ६ हजार किलोमीटरवर. आपल्या जुन्या ग्रंथांत याला चंद्राचं उच्च म्हणतात. १८ सप्टेंबरला तो सर्वांत जवळ, नीच बिंदूवर होता, सुमारे ३ लाख ५७ हजार किलोमीटरवर. सर्वांत लांब तिथी उच्चाला, सर्वांत आखूड नीचाला. योगायोग नव्हे, कारण आणि परिणाम.

चंद्राची कक्षा वर्तुळ नाही, किंचित लंबगोल आहे आणि पृथ्वी तिच्या मध्यावर नाही. दूर असताना पृथ्वीची ओढ कमी, चंद्र रेंगाळतो. तिथून तो जवळ येतो तसा पृथ्वीकडे जणू उतारावरून येतो आणि वेग घेतो. शिवाय जवळची वस्तू तेवढ्याच वेगाने गेली तरी जास्त अंश कापते. फलाटावर उभं राहून समोरून जाणारी गाडी आणि लांबच्या रुळांवरची गाडी पाहिली की हे कळतं. ही दोन्ही कारणं एकत्र आल्यामुळे अंतर १४ टक्क्यांनीच बदललं तरी चंद्राची आकाशातली चाल जवळजवळ २९ टक्क्यांनी बदलते. भाद्रपदाच्या त्या चतुर्थीला तो दिवसाला पावणेबारा अंशांच्या आसपास चालला होता, पौर्णिमेला पंधरा अंशांच्या थोडा वर. सूर्याचा एक अंश वजा करा आणि १२ अंशांना किती तास लागतात ते काढा, वर लिहिलेलेच आकडे मिळतील. सूर्याची चालही वर्षभरात थोडी कमी-जास्त होते, पण तिचा तिथीवरचा परिणाम चार-पाच मिनिटांचा.

उच्च बिंदूही एका जागी थांबत नाही. चंद्र उच्चापासून निघून पुन्हा उच्चाला साडेसत्तावीस दिवसांत पोचतो आणि अमावस्येपासून अमावस्येला साडेएकोणतीस दिवसांत. त्यामुळे लांब तिथींचा घोळका दर महिन्याला दोनेक तिथींनी अलीकडे सरकतो. भाद्रपदात तो तृतीया-चतुर्थीला होता, पुढच्या अमावस्येला तो अमावस्येवर आला, नंतर वद्य त्रयोदशीकडे गेला. चौदा चांद्रमासांत, म्हणजे सुमारे ४१२ दिवसांत, त्याची एक फेरी पुरी होते. म्हणून 'चतुर्थी नेहमी मोठी असते' असा नियम कोणी सांगितला तर तो टिकणार नाही.

आता थोडं मागे जायला हवं, कारण तिथीच्या लांबीवरून महाराष्ट्रात एके काळी मोठा वाद झाला आहे. जुन्या करणग्रंथांवरून पंचांग करणाऱ्यांमध्ये 'बाणवृद्धी रसक्षय' असं सूत्र रूढ होतं. बाण म्हणजे पाच, मदनाच्या पाच बाणांवरून. रस म्हणजे सहा, षड्रसांवरून. दिवसाच्या साठ घटका, एक घटका २४ मिनिटांची. तिथी साठ घटकांपेक्षा फार तर पाच घटका वाढेल आणि फार तर सहा घटका कमी होईल, असं ते सूत्र सांगतं. म्हणजे जास्तीत जास्त २६ तास आणि कमीत कमी २१ तास ३६ मिनिटं. वरची चतुर्थी आणि पौर्णिमा पुन्हा पाहा. चतुर्थी साडेसहासष्ट घटकांची निघते, पौर्णिमा ५१ घटकांना थोडी कमी. दोन्ही सूत्राच्या बाहेर. प्रत्यक्ष आकाशातली मर्यादा सुमारे सात घटका वाढ आणि दहा घटका घट अशी आहे.

मग जुने गणिती चुकले का? मला तसं म्हणणं अन्यायाचं वाटतं. चंद्राची चाल कमी-जास्त होते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि त्यासाठीचा मंदफल नावाचा संस्कारही ते देत होते, जास्तीत जास्त पाच अंशांचा. हा पाच अंशांचा आकडा तपासायचा कसा? ग्रहणावरून. ग्रहण ही पंचांगाची भर चौकातली परीक्षा. वेळ चुकली तर सगळ्या गावाला दिसतं. आणि ग्रहण होतं ते फक्त पौर्णिमेला किंवा अमावस्येला. गंमत अशी, की चंद्रावर पृथ्वीखेरीज सूर्याचीही ओढ असते. या ओढीमुळे चंद्राचं मागे-पुढे होणं पौर्णिमा-अमावस्येला सव्वासहा अंशांवरून पाचावर येतं आणि अष्टमीला उलट साडेसातापर्यंत वाढतं. ज्या दिवशी परीक्षा होत होती, त्या दिवशी पाच अंश हेच उत्तर बरोबर होतं. अष्टमीला कोणी परीक्षा घेत नव्हतं. तिथे चंद्राची जागा अडीच अंशांपर्यंत चुकायची, म्हणजे चंद्रबिंबाच्या पाचपट, आणि अष्टमी संपण्याच्या वेळेत पाच तासांपर्यंत फरक पडायचा.

दहाव्या शतकात मुंजालाने 'लघुमानस' ग्रंथात चंद्रासाठी दुसरा संस्कार दिला होता. एकोणिसाव्या शतकात ओडिशातल्या सामंत चंद्रशेखरांनी स्वतः बनवलेल्या लाकडी-बांबूच्या साधनांनी चंद्राच्या चालीतले हे बारकावे टिपले. पण आपल्याकडे पंचांग मुख्यतः 'ग्रहलाघव' आणि 'तिथिचिंतामणी' यांवर चाले. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी सोळाव्या शतकात लिहिलेले हे ग्रंथ हिशेबाला इतके सोपे होते, की साडेतीनशे वर्षं त्यांना कोणी हलवलं नाही. १८६५ मध्ये केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय वेधांवर आधारलेल्या गणिताने नवीन पंचांग सुरू केलं, तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखलं गेलं. पुढे लोकमान्य टिळक आणि व्यंकटेश बापूजी केतकर यांनी दृक्प्रत्ययाची, म्हणजे आकाशात दिसतं तेच पंचांगात असलं पाहिजे, ही बाजू लावून धरली. विरोधकांचा मुद्दाही पोकळ नव्हता. व्रतांचे सगळे निर्णय बाणवृद्धी रसक्षय गृहीत धरून लिहिले गेले असतील, तर तिथी त्याहून लांबल्यावर ते निर्णय लागू कसे करायचे, असं ते विचारत. त्या काळी एकाच वाड्यात दोन पंचांगं असली तर एकादशी दोन दिवशी येण्याची पाळी येई. आज महाराष्ट्रात घरोघरी असलेली कॅलेंडरं दृक् गणितावर चालतात, म्हणूनच मला २६ तास ४० मिनिटांची तृतीया सापडू शकली. याच काळात अयनांशावरूनही मोठे वाद झाले, पण तिथीला त्यांची झळ लागत नाही. तिथी ही दोन जागांमधली वजाबाकी आहे. सूर्य आणि चंद्र दोघांच्या जागा सारख्याच सरकवल्या तर वजाबाकी तीच राहते.

मावशीचं श्राद्ध मात्र या सगळ्यासाठी थांबणार नव्हतं. तिला मी दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा सांगितलं, की प्रतिपदा हरवलेली नाही, फक्त तिला सूर्योदय मिळालेला नाही. शास्त्रकारांनी प्रत्येक कृत्यासाठी दिवसातली वेगळी वेळ धरली आहे. गणपती बसतो त्यासाठी मध्यान्हीची चतुर्थी पाहतात. ६ तारखेला चतुर्थी दुपारी ३ ला लागली, तोवर मध्यान्ह टळली होती, म्हणून गणपती ७ ला बसले. संकष्टीला चंद्रोदयाच्या वेळची चतुर्थी लागते. श्राद्धाला अपराह्न, म्हणजे दुपारी साधारण दीडनंतरचा काळ. १८ तारखेच्या दुपारी प्रतिपदाच चालू होती. चौकटीत पौर्णिमा छापली असली तरी श्राद्ध १८ लाच.

तिने लगेच पुढचा प्रश्न टाकला. मुलगा न्यू जर्सीत असतो, त्याने कधी करायचं? तिथी संपण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो, घड्याळं मात्र वेगळी. आपली १८ ची सकाळी ८:०४ म्हणजे तिकडे १७ च्या रात्रीचे १०:३४. त्यांची प्रतिपदा तेव्हा लागली आणि १८ च्या संध्याकाळी ६:४९ ला संपली. १८ चा तिकडचा सूर्योदय तिला आरामात मिळाला, म्हणजे न्यू जर्सीत प्रतिपदेचा क्षय झालाच नाही. पोळ्याची अमावस्याही तिकडे दोनदा आली नाही. ती १ सप्टेंबरच्या संध्याकाळी ७:५१ ला लागून २ च्या रात्री ९:५४ ला संपली. छब्बीस तासांची असूनही तिला सूर्योदय एकच मिळाला.

"म्हणजे त्याच्या कॅलेंडरात प्रतिपदा आहे आणि माझ्यात नाही," मावशी म्हणाली. "पण तारीख दोघांची एकच ना?"

एकच. १८ च्या दुपारी तिकडेही प्रतिपदा होती. तिने चौकटीतल्या पौर्णिमेखाली पेन्सिलने 'दुपारी प्रतिपदा' असं लिहिलं आणि मुलाला कळवायला फोन ठेवला.